सरावात गुडघा सरळ, स्पर्धेत लाल कार्ड : चालण्याच्या शर्यतीत वारंवार बाद होणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चालण्याची शर्यत झाली की जजच्या टेबलाशी एकच तक्रार येते. आमचा खेळाडू सरावात व्यवस्थित चालतो, गुडघा वाकत नाही, पाय उचलला जात नाही, मग स्पर्धेतच दर वेळी बाद कसा होतो? आणि त्यामागून लगेच दुसरी, 'त्याला पिवळी पाटी कुणी दाखवलीच नाही.' अमळनेर तालुक्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी मला हे अहिराणीत एका दमात सांगितलं होतं, "पोरले पिवळं दखाडंच नही, आनि एकदम बाहेर काढं!"

वडिलांचा राग मला पटतो. पोर पहाटे साडेचारला उठते, उन्हं चढायच्या आत सराव उरकते आणि विसाव्या फेरीनंतर एक माणूस लाल पाटी दाखवून तिला बाजूला काढतो. पण त्या दिवसाचा निकालपत्रक काढून पाहिला तर तिथे प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं होतं, दुरुस्तीसकट. तो कागद कसा वाचायचा आणि त्यावरून नेमकं काय बदलायचं, हे इथे त्या मुलीच्याच शर्यतीवरून सांगतो.

आधी कार्डांचा हिशोब

नियम दोनच आहेत. पहिला, चालताना जमिनीशी संपर्क तुटलेला माणसाच्या डोळ्याला दिसता कामा नये. दुसरा, पुढे टाकलेला पाय जमिनीला पहिल्यांदा टेकला त्या क्षणापासून तो शरीराच्या बरोबर खाली उभा येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. पाय टेकण्याआधी गुडघा वाकलेला चालतो, उभ्या स्थितीनंतर वाकला तरी चालतो. मधल्या त्या छोट्या टप्प्यातच तो सरळ हवा. जजच्या पाटीवर संपर्क तुटण्याची खूण ~ अशी असते आणि वाकलेल्या गुडघ्याची > अशी. आमच्याकडची मुलं पहिलीला 'लाट' म्हणतात आणि दुसरीला 'कोन'. मीही पुढे तेच शब्द वापरतो.

पिवळी पाटी म्हणजे सावध करणं. जजला तुमच्या चालीबद्दल पूर्ण समाधान नसेल तेव्हा तो ती दाखवतो. तिचा बाद होण्याच्या मोजणीशी काही संबंध नाही. तुम्हाला पाच जजनी पाच पिवळ्या दाखवल्या तरी त्यामुळे कुणी बाद होत नाही. एक जज एका खेळाडूला एकाच दोषासाठी पिवळी एकदाच दाखवू शकतो, म्हणून 'त्यांनी परत दाखवली नाही म्हणजे सुधारलं' असा अर्थ काढू नका.

लाल कार्ड वेगळं. जजला नियम मोडलेला स्पष्ट दिसला की तो कार्ड भरून चीफ जजकडे पाठवतो. ते खेळाडूला दाखवत नाहीत. आणि त्याआधी पिवळी दाखवलीच पाहिजे अशी अट नियमात कुठेही नाही. एक जज एका खेळाडूला एकच लाल कार्ड देऊ शकतो. तीन वेगवेगळ्या जजची तीन लाल कार्डं चीफ जजकडे पोचली की खेळाडू बाद. ती तिन्ही एकाच दोषाची असावी लागत नाहीत. दोन कोन आणि एक लाट, तरी तीनच.

ट्रॅकवरच्या शर्यतीत चीफ जज धरून साधारण सहा जज असतात. म्हणजे तुमच्या चालीकडे बघून कार्ड लिहिणारे पाच. ते आपसांत बोलत नाहीत, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवायचं असतं. व्हिडिओ बघून निर्णय होत नाही. चीफ जज सगळ्या कार्डांचा हिशोब ठेवतो आणि तिसरं आलं की तो किंवा त्याचा सहायक लाल पाटी दाखवतो. गर्दीत ती दाखवायला उशीर झाला, म्हणून बाद झालेला परत आत येत नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोचा बर्नार्दो सेगुरा २० किलोमीटरची शर्यत पहिला येऊन संपवून बसला होता, तेव्हा त्याला बाद झाल्याचं कळलं. सुवर्ण पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीला गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत आघाडीवर असलेली ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल स्टेडियमच्या तोंडाशी बाद झाली.

मग खेळाडूला शर्यतीत आपली लाल कार्डं कळायची कशी? पोस्टिंग बोर्डावरून. त्यावर तुमच्या नंबरापुढे लाल कार्डांच्या खुणा लागतात, लाट किंवा कोन. पिवळ्या तिथे लागत नाहीत. बोर्डाकडे नजर ठेवायला आपला एक माणूस उभा करा आणि त्याने प्रत्येक फेरीला 'एक लाट', 'एक लाट एक कोन' एवढंच ओरडायचं, हे सरावातच ठरवून घ्या. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत बोर्ड कधी कोपऱ्यात असतो, कधी उशिरा भरला जातो. शर्यतीआधी तो कुठे आहे ते विचारून ठेवा, पण सगळा भरवसा त्याच्यावर ठेवू नका.

त्या मुलीचा कागद

शर्यत १०,००० मीटर, म्हणजे २५ फेऱ्या. मुलीचं लक्ष्य ५५ मिनिटं, म्हणजे फेरीला २ मिनिटं १२ सेकंद. शर्यतीनंतर जजच्या नोंदींचा एकत्रित तक्ता बनतो. त्यात प्रत्येक जजने कोणत्या नंबराला, कोणत्या खुणेची, किती वाजता पिवळी दाखवली आणि लाल कार्ड केव्हा लिहिलं ते असतं. बहुतेक प्रशिक्षक फक्त 'डीक्यू', म्हणजे बाद, एवढं वाचून निघून जातात. तो तक्ता मागा. भांडायला नव्हे, फोटो काढून घ्यायला.

तिच्या तक्त्यात असं होतं. ९ व्या मिनिटाला दुसऱ्या जजची पिवळी, लाट. १२ व्या मिनिटाला चौथ्या जजचं लाल, लाट. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. ३१ व्या मिनिटाला पाचव्या जजची पिवळी, कोन. ३८ व्या मिनिटाला तिसऱ्या जजचं लाल, कोन. ४४ व्या मिनिटाला पाचव्या जजचं लाल, कोन. तीन झाले.

म्हणजे वडिलांचं म्हणणं अर्धं खरं होतं. तीनपैकी दोन जजनी पिवळी न दाखवता थेट लाल लिहिलं होतं आणि तसा त्यांना अधिकार आहे. पण तिला पिवळ्या दोन दाखवल्या होत्या. पहिली दुसऱ्या जजची, त्याने पुढे लाल लिहिलंच नाही. दुसरी पाचव्या जजची, त्याने तेरा मिनिटं वाट बघून लाल लिहिलं. मुलीच्या लक्षात त्यातली एकच राहिली होती, पहिली.

आता वेळांकडे बघा. आधी दोन्ही लाटा, नंतर तिन्ही कोन, मधे एकोणीस मिनिटांची शांतता. वाकणारा गुडघा ही तिची मूळ खोड असती तर कोन पहिल्या दहा मिनिटांतही दिसला असता. मधे काहीतरी बदललं होतं, आणि ते काय हे तिच्या सरांनीच सांगितलं. बोर्डावर लाट लागलेली पाहून त्यांनी कडेने ओरडायला सुरुवात केली, "खाली बस, उडू नकोस, खाली बस!" मुलीने ऐकलं. ती कमरेतून खाली बसून चालायला लागली. खाली बसायचं म्हणजे गुडघा मोडावाच लागतो, दुसरा मार्ग शरीराकडे नाही. ताज्या पायांवर काही फेऱ्या हे निभावलं. मांड्या थकल्यावर टाच टेकताना गुडघा सरळ होईना आणि कोन दिसू लागला.

माझ्या पाहण्यात खानदेशातले निम्मे 'कोन' हे असेच लाटेवर चुकीचा उपाय केल्यामुळे जन्मलेले असतात. म्हणून शेवटचं कार्ड कोनाचं होतं म्हणून गुडघ्याचे व्यायाम सुरू करायचे, हे घाईचं निदान आहे. पहिली खूण कोणती आणि ती का आली, तिथून सुरुवात करा.

लाट का आली

तिच्या फेऱ्यांच्या वेळा सरांच्या वहीत होत्या. पहिल्या सहा फेऱ्या २ मिनिटं ४ सेकंदांच्या आसपास. ठरवलेल्यापेक्षा फेरीला आठ सेकंद जलद. जिल्ह्याबाहेरच्या मुली पुढे निघाल्या आणि ती त्यांच्या मागे लागली.

आठ सेकंद वाचायला थोडे वाटतात, पण पावलात मोजा. ती मिनिटाला साधारण १८० पावलं टाकते, सेकंदाला तीन. २:१२ च्या फेरीत एक पाऊल १ मीटर १ सेंटिमीटरचं पडतं. पावलांची गती तीच ठेवून २:०४ ची फेरी काढायची तर ते सुमारे १ मीटर ७ सेंटिमीटरचं व्हावं लागतं. हे जास्तीचे सहा सेंटिमीटर कुठून तरी येणार. कमरेची फिरक वाढवून ते मिळाले तर उत्तम, पण ती फिरक महिन्यांच्या सरावाने येते, शर्यतीच्या सकाळी येत नाही. मग ते दोनच ठिकाणांहून येतात. एक तर पाय पुढे लांबवर फेकला जातो, किंवा मागच्या पायाने जोर लावून शरीर हवेत ढकललं जातं. तिच्या बाबतीत दुसरं झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चांगल्या चालणाऱ्यांचे दोन्ही पाय क्षणभर जमिनीपासून सुटलेले असतात, हे स्लो मोशनमध्ये सहज दिसतं. नियम ते मान्य करतो, कारण त्यात 'डोळ्याला दिसणारा' संपर्कभंग असं म्हटलंय. साधारण ०.०४ सेकंदापर्यंतचं सुटणं डोळ्याला पकडणं कठीण जातं. तुमच्या फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर एक फ्रेम सुमारे ०.००४ सेकंदाची होते. मागच्या पायाचा अंगठा सुटल्यापासून पुढची टाच टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. पाच-सहा आल्या तर घाबरू नका. दहाच्या पुढे जाऊ लागल्या तर जजला दिसणार असं समजा. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर ही मोजणी होत नाही, कारण तिथे एकच फ्रेम ०.०३३ सेकंदाची असते.

पण जज फ्रेम मोजत नाही, तो पूर्ण माणूस बघतो. डोकं वरखाली होतंय का, खांदे कानाकडे चढलेत का, हाताची मूठ छातीच्या वर जातेय का, यावरून त्याची नजर पायाकडे खेचली जाते. त्या मुलीच्या व्हिडिओत वेग वाढवला की मूठ हनुवटीच्या उंचीला जात होती आणि हात वर गेला की शरीरही वर जात होतं. म्हणून लाटेवरची दुरुस्ती कमरेच्या खाली शोधू नका. हात खाली आणा. मूठ पुढे छातीच्या मध्यापर्यंत, मागे कमरेच्या जरा मागे, एवढीच तिची वाट. खांदे सोडा. आणि फेरीचा वेग ठरलेल्यावर आणा, पावलांची गती तीच ठेवून पाऊल आखूड करा. उंची बदलायची नाही. कडेने उभ्या माणसाने "खाली बस" हा शब्द कायमचा सोडून द्यावा आणि "हात खाली, पाऊल छोटं" म्हणावं.

ती २:१२ ने निघाली असती तर वेळ किती गेला असता? फारसा नाही. सुरुवातीच्या सहा फेऱ्यांत कमावलेल्या अठ्ठेचाळीस सेकंदांपैकी निम्म्याहून जास्त तिने पुढच्या, खाली बसून काढलेल्या २:१४ च्या फेऱ्यांत परत दिलेच होते. बाद झाली नसती तरी ती ५५ मिनिटांच्या आतबाहेरच संपवणार होती.

कोन खरोखरच मूळ दोष असेल तर

काहींच्या तक्त्यात पहिलीच खूण कोन असते. तिथे मात्र पायाकडे बघा. चित्रण असं करा : फोन गुडघ्याच्या उंचीवर, चालण्याच्या वाटेला काटकोनात, सहा-सात मीटर लांब, स्थिर ठेवलेला. हातात धरून मागे धावत काढलेल्या व्हिडिओतून गुडघ्याबद्दल काहीही सांगता येत नाही. आणि ताज्या पायांचं चित्रण करू नका. सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. सरावात सर पहिल्या दोन किलोमीटरला बघतात, कार्डं येतात सातव्या-आठव्याला. ज्या अंतरावर कार्ड आलं, तेवढं अंतर शर्यतीच्या वेगाने चालवून मग दहा पावलांचं चित्रण घ्या. 'सरावात सरळ, स्पर्धेत वाकडा' याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

मग टाच टेकते ती फ्रेम थांबवा. कंबर, गुडघा, घोटा एका रेषेत आहेत का? तिथून पाय शरीराखाली येईपर्यंत एकेक फ्रेम पुढे न्या. दोन प्रकार दिसतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या प्रकारात पाय टेकतानाच वाकलेला असतो. बघा, पायाचा पंजा वर उचललेला आहे की आडवा पडतोय. नडगीच्या पुढचा स्नायू थकला की पंजा खाली येतो, टाचेऐवजी तळवा टेकतो आणि तळव्यावर उतरताना गुडघा सरळ ठेवणं अवघड जातं. नवोदितांच्या नडगीत जी आग होते ती याच स्नायूची. रोज सरावानंतर फक्त टाचांवर चालणं, तीस-चाळीस मीटरचे तुकडे, मधे विश्रांती. हे काही आठवडे सातत्याने केलं तर फरक दिसतो. बूटही बघा. जाड, उंच टाचेचे धावण्याचे बूट पंजा लवकर खाली ढकलतात. पातळ तळव्याचे, मागे गोलसर असलेले बूट बरे.

दुसऱ्या प्रकारात पाय टेकतो सरळ, पण वजन आल्यावर गुडघा मऊ पडून पुढे मोडतो. हा प्रकार जास्त दिसतो. कारण एकतर पाऊल फार पुढे पडतंय, किंवा मांडीची पुढची बाजू वजन धरू शकत नाही. पाऊल आखूड करून पाहा. तेवढ्याने थांबलं तर कारण सापडलं. नाही थांबलं तर मांडीची ताकद वाढवावी लागेल आणि त्याला एक हंगाम द्यावा लागेल. तोवर कमी अंतराच्या शर्यतीत उतरा.

आपल्या भागातली एक अडचण इथे सांगायला हवी. आपली बरीच मुलं मातीच्या मैदानावर नाहीतर डांबरी रस्त्याच्या एकाच कडेने सराव करतात. काळ्या मातीच्या मैदानावर टाच रुतते आणि गुडघा आपोआप मऊ ठेवायची सवय लागते. ती मुलं सिंथेटिक ट्रॅकवर गेली की पहिल्या दिवशी चाल बिघडते. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एका पायाला कायम जास्त उंची मिळते. कार्डं एकाच पायामुळे येताहेत असं चित्रणात दिसलं तर रस्त्याच्या ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना आळीपाळीने मिळतो. जळगावात मेहरूण तलावाकाठी चालणाऱ्यांनीही फेरीची दिशा एक दिवसाआड उलटी करावी. स्पर्धा सिंथेटिकवर असेल तर निदान आदल्या दिवशी तिथे जाऊन वेगाच्या दोन-तीन फेऱ्या मारा.

शर्यत चालू असताना

एक लाल कार्ड लागलं तर वेग तोडू नका. कोणती खूण आहे तेवढं कळवा आणि त्याच खुणेची एकच दुरुस्ती सांगा. लाट असेल तर हात खाली, कोन असेल तर पंजा वर आणि पाऊल छोटं. दोन्ही एकदम सांगितलं की खेळाडू गोंधळतो आणि चाल आणखी बिघडते.

दोन लाल लागली की हिशोब वेगळा. पाचपैकी दोन जजचं कार्ड देऊन झालंय, उरलेल्या तिघांपैकी एकाचं पुरेसं आहे, आणि ते तिघे कोणते हे तुम्हाला शर्यतीत कळणार नाही. त्यामुळे 'त्या कोपऱ्यातल्या जजसमोर जपून चाल' असला सल्ला देऊ नका. फेरीला तीन-चार सेकंद सोडा आणि शर्यत संपवा.

स्पर्धेच्या माहितीपत्रकात पेनल्टी झोन आहे का तेही आधी बघा. असेल तर तिसऱ्या लाल कार्डावर खेळाडू बाद होत नाही. त्याला झोनमध्ये थांबावं लागतं, १०,००० मीटरच्या शर्यतीत एक मिनिट, २० किलोमीटरला दोन मिनिटं. त्यानंतर चौथ्या वेगळ्या जजचं कार्ड आलं की मात्र बाद. ज्यांना झोन माहीत नसतो ती मुलं तिसऱ्या कार्डाला रडत मैदान सोडून जातात, आणि पेनल्टी भोगून शर्यत पूर्ण करण्याची संधी हातची जाते. झोन नसेल आणि लाल पाटी दाखवली गेली तर ट्रॅक ताबडतोब सोडायचा, रस्त्यावरच्या शर्यतीत नंबर काढून बाजूला व्हायचं. जजशी तिथे वाद घालून कार्ड मागे जात नाही.

त्या मुलीने पुढचे तीन महिने एवढंच केलं : हात खाली आणि पहिली फेरी घड्याळाकडे बघून २:१२ ला. पुढच्या स्पर्धेत तिला एक पिवळी दाखवली, लाट. बोर्डावर तिच्या नंबरापुढे शेवटपर्यंत काही लागलं नाही आणि कडेने कुणी "खाली बस" म्हटलं नाही.

काही खेळाडूंचा गुडघा मुळातच पूर्ण सरळ होत नाही, हेही सांगायला हवं. जमिनीवर पाय लांब करून बसवा आणि मांडी घट्ट आवळायला सांगा. गुडघ्याखाली बोटं जातील एवढी पोकळी राहत असेल तर आधी मांडीची मागची बाजू ताणण्याचे व्यायाम देऊन बघा. दोन-तीन महिन्यांत पोकळी भरली नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. हाडाचीच ठेवण तशी असेल तर ते मूल चालण्याच्या शर्यतीत कितीही मेहनत केली तरी कोनाच्या कार्डांवर बाद होत राहील. नियमात त्यासाठी सूट नाही. ही तपासणी निवड करतानाच करा, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणजे त्याला वेळीच पाच किंवा दहा हजार मीटर धावण्याकडे वळवता येतं.